२५ वॅटच्या चार्जरवर २५ कुठं लिहिलंय, आणि ८० टक्क्यांनंतर फोन का रखडतो

प्रश्न: दादा, माझा फोन ५००० एमएएचचा आहे, चार्जर २५ वॅटचा म्हणून घेतला पण त्याच्यावर 9V 2.77A, 11V 2.25A असलं कायतरी लिहिलंय. ५० टक्के अर्ध्या तासात होतो, ८० च्या पुढं मात्र नुसता रखडतो, शेवटच्या २० ला अर्धा तासाच्या वर जातोय. चार्जर डुप्लिकेट आहे का बॅटरी गेलीय? ६५ वॅटचा घेतला तर फरक पडेल का?

उत्तर:

भावा, तू जे टाइम सांगितलायस त्यावरून चार्जर पण ठीक आहे आणि बॅटरी पण ठीक आहे. ५००० ची बॅटरी अर्ध्या तासात ५० टक्के होते म्हणजे चार्जरनं आपलं काम केलं. शेवटी जो रखडतो तो फोन स्वतः मुद्दाम रखडवतो, आणि त्यानं तसं केलं नाही तर बॅटरी वर्षभरात फुगून माझ्याच टेबलावर येईल. पण नुसतं 'नॉर्मल आहे' म्हणून सोडत नाही, आकडे घालून सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी दुकानात चार्जर घेताना तुझं तुलाच कळेल.

पहिल्यांदा चार्जरवरचं लेबल. तुझ्या चार्जरवर बारीक अक्षरात साधारण असं असणार:

```
INPUT: 100-240V~ 50-60Hz 0.7A
OUTPUT (PDO): 5V⎓3A  9V⎓2.77A
OUTPUT (PPS): 3.3-5.9V⎓3A  3.3-11V⎓2.25A
```

वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, एवढाच हिशोब आहे. ५ गुणिले ३ म्हणजे १५ वॅट. ९ गुणिले २.७७ म्हणजे २४.९३, हेच तुझे २५ वॅट. ११ गुणिले २.२५ म्हणजे २४.७५, ते पण २५ च धरतात. म्हणजे एकाच चार्जरच्या पोटात वेगवेगळे जोड आहेत आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या गुणाकाराचा आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरात छापतात. वरच्या INPUT च्या ओळीला हात लावायचा नाही. काही पोरं २४० गुणिले ०.७ करून १६८ वॅटचा चार्जर आहे म्हणून सांगत येतात. ती ओळ भिंतीतल्या सॉकेटकडची आहे, तिथं चार्जर जास्तीत जास्त किती करंट ओढू शकेल एवढंच लिहिलेलं असतं, फोनला काय मिळतं त्याच्याशी तिचा संबंध नाही.

आता हे नऊ व्होल्ट, अकरा व्होल्ट करायची गरजच काय, सरळ ५ व्होल्टलाच जास्त अँपिअर का देत नाहीत? कारण केबल. केबल कितीही चांगली असली तरी तिला थोडा रेझिस्टन्स असतोच, जाऊन येऊन ०.२ ओहम धर. ५ व्होल्टला २५ वॅट द्यायचे तर ५ अँपिअर लागणार, आणि केबलमध्ये जी गरमी होते ती करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे ५ गुणिले ५ गुणिले ०.२, पाच वॅट नुसते वायर तापवण्यात गेले. तेच ९ व्होल्टला २.७७ अँपिअरमध्ये काम होतं आणि केबलमध्ये दीड वॅटच जातात. वर परत साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच असते, त्याच्या पुढं जायचं तर केबलच्या टोकात एक छोटी चिप असावी लागते, चार्जर त्या चिपला विचारतो आणि तिनं हो म्हटलं तरच ५ अँपिअर सोडतो. म्हणून करंट कमी ठेवून व्होल्ट वाढवायचे हा मार्ग सगळ्यांनी धरला.

आणि ९ व्होल्ट फोनमध्ये गेले तर फोन जळणार नाही का, हे गिऱ्हाईक कायम विचारतंय. नाही जळत, कारण चार्जर स्वतःहून कधीच ९ व्होल्ट देत नाही. पिन घातली की पहिल्यांदा ५ व्होल्टच येतात. मग टाइप-सीच्या एका बारक्या वायरीवरून चार्जर आपली यादी सांगतो, माझ्याकडं हे हे जोड आहेत, आणि फोन त्यातला एक मागून घेतो. फोननं मागितलं तरच व्होल्ट चढतात. दोघांची भाषा जुळली नाही तर गाडी ५ व्होल्टवरच राहते, फोन चार्ज होतो पण संथ. म्हणजे वॅट किती घ्यायचे हे फोन ठरवतो, चार्जर फक्त वरची मर्यादा सांगतो. हे एकदा डोक्यात बसलं की ६५ वॅटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं, बाकीचं खाली येतंच.

तुझ्या लेबलवर PPS लिहिलेली जी ओळ आहे ती सगळ्यात कामाची आहे. तिच्यात PDO च्या ओळीसारखे व्होल्ट ठरलेले नाहीत, ३.३ पासून ११ पर्यंत फोन पाहिजे तेवढे मागू शकतो, तेही ०.०२ व्होल्टच्या पायरीनं, आणि चार्जिंग चालू असताना दर थोड्या वेळानं परत परत मागणी बदलतो. असं कशासाठी? फोनच्या आत एक आयसी असतो, चार्ज पंप म्हणतात त्याला. तो आलेले व्होल्ट बरोबर निम्मे करतो आणि करंट दुप्पट करतो. बॅटरीला ४.१ व्होल्ट पाहिजे असतील तर फोनच्या पिनवर ८.२ यायला पाहिजेत, केबलमध्ये थोडे पडतात ते धरून फोन चार्जरला ८.४ मागतो. असं मोजून मागितल्यामुळं फोनच्या आत फारच कमी वीज गरमीत वाया जाते.

आता इथं एक गंमत बघ. PPS च्या ११ व्होल्टपर्यंतच्या जोडात चार्जर २.२५ अँपिअरच्या वर देत नाही. आणि फोनला ८.४ व्होल्टच पाहिजेत. मग ८.४ गुणिले २.२५ किती झाले? १८.९ वॅट. म्हणजे अस्सल २५ वॅटचा चार्जर, अस्सल फोन, तरी मीटरवर १९ वॅट दिसणार. लोक मीटर लावून बघतात आणि '२५ म्हणून १९ चा दिला' म्हणून दुकानदाराशी भांडतात. फसवणूक नाही ती. PPS मध्ये २५ वॅट पूर्ण मिळायचे तर फोननं ११ व्होल्ट मागायला पाहिजेत, आणि एवढे व्होल्ट त्या बॅटरीला लागतच नाहीत.

दुसरा घोळ ॲपचा. मोबाईलमध्ये ॲप टाकून बघितलं तर करंट ४४०० मिलिअँपिअर दाखवतं, आणि केबलमध्ये लावलेला यूएसबी मीटर २.२५ अँपिअर दाखवतो. दोन्ही बरोबर. मीटर केबलमधला करंट मोजतोय, ॲप बॅटरीत जाणारा. मधे चार्ज पंपानं व्होल्ट निम्मे आणि करंट दुप्पट केलाय, फोनचा स्वतःचा थोडा खर्च वजा जाऊन ४.४ अँपिअर बॅटरीत पडतात. गुणाकार करून बघ, बॅटरीकडं ४.१ गुणिले ४.४ म्हणजे साधारण १८ वॅट, केबलकडं १९ वॅट. मधला एक वॅट केबल, आयसी आणि फोन चालू ठेवण्यात गेला. हिशोब जुळतो.

हा ४.४ अँपिअरचा आकडा लक्षात ठेव, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. ५००० एमएएच म्हणजे ५ अँपिअर-तास. ४.४ नं अर्धी बॅटरी भरायला, म्हणजे अडीच अँपिअर-तास घालायला, २.५ भागिले ४.४, म्हणजे ०.५७ तास, ३४ मिनिटं. तू अर्धा तास म्हणालास, शून्यापासून कोण लावत नाही, दहा-बारा टक्क्यांवर लावला असशील, मग जुळतंय. हाच वेग शेवटपर्यंत राहिला असता तर ६८ मिनिटांत फोन फुल झाला असता. पण होत नाही, दीड तासाच्या आसपास जातो. ही जी वरची वीस-पंचवीस मिनिटं आहेत ती कुठून येतात ते आता सांगतो.

लिथियम बॅटरीला व्होल्टची एक कडक मर्यादा असते. आताच्या बऱ्याच फोनच्या बॅटऱ्यांवर ४.४५ व्होल्ट किंवा त्याच्या आसपास लिहिलेलं असतं, जुन्या बॅटऱ्यांना ४.२ किंवा ४.३५ असायचे. ही मर्यादा ओलांडली की बॅटरीच्या पॉझिटिव्ह बाजूचा मसाला बिघडायला लागतो आणि आतलं इलेक्ट्रोलाईट फुटून वायू तयार होतो. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेले फोन तू बघितले असशीलच, त्यातल्या बऱ्याचशांच्या आत हाच वायू असतो. म्हणून चार्जिंगचा आयसी काहीही झालं तरी ४.४५ च्या वर जाऊ देत नाही.

पण बॅटरीच्या टोकांवर दिसणारे व्होल्ट आणि बॅटरीच्या पोटातले खरे व्होल्ट एक नसतात. बॅटरीला स्वतःचा आतला रेझिस्टन्स असतो. नव्या फोनच्या बॅटरीचा, तिची प्रोटेक्शनची पट्टी आणि कनेक्टर धरून, ०.०६ ओहम समजू. ४.४ अँपिअर आत ढकलायचे तर ४.४ गुणिले ०.०६, म्हणजे ०.२६ व्होल्ट जास्तीचे लावावे लागतात. पोटात ३.८ व्होल्ट असताना टोकाला ४.०६ दिसतात. त्याला काही हरकत नाही, मर्यादा अजून लांब आहे, करंट पूर्ण चालू ठेवायचा. बॅटरी भरत जाते, पोटातले व्होल्ट चढत जातात, ३.९, ४.०, ४.१. आणि पोटात ४.१९ झाले की टोकावर ४.१९ अधिक ०.२६ बरोबर ४.४५. मर्यादा गाठली. अशा बॅटरीत हे साधारण ८० टक्क्यांच्या आसपास होतं.

इथून पुढं आयसीकडं एकच रस्ता उरतो, टोकाचे व्होल्ट ४.४५ ला बांधून ठेवायचे आणि करंट आपोआप कमी होऊ द्यायचा. पोटात ४.३ झाले की मधे फरक उरला ०.१५ चा, ०.१५ भागिले ०.०६, अडीच अँपिअर. पोटात ४.४ झाले की फरक ०.०५, करंट ०.८. पोटात ४.४३ झाले की ०.३ अँपिअर. बघ, आधी ४.४ नं धावत होतं ते शेवटी ०.३ वर आलं, आणि चार्जर बिचारा तोच, केबल तीच. जसजसं टोक जवळ येतंय तसतसा फरक कमी, फरक कमी म्हणून करंट कमी, करंट कमी म्हणून टोक गाठायला वेळ जास्त. शेवटच्या ५ टक्क्यांत तर फक्त पाव अँपिअर-तास घालायचा असतो, पण सरासरी पाऊण अँपिअर धरला तरी त्याला वीस मिनिटं लागतात. पूर्ण वेगानं तेवढाच माल साडेतीन मिनिटांत गेला असता.

यात मी रेझिस्टन्स ०.०६ ओहम धरलाय आणि तो कायम तेवढाच राहतो असं मानलंय. खऱ्या बॅटरीत तो टक्क्याप्रमाणं आणि तापमानाप्रमाणं हलतो, आणि आताचे फोन एकदम ८० ला ब्रेक न मारता ५०-६० पासूनच पायरी पायरीनं करंट उतरवतात. त्यामुळं तुझ्या फोनचे आकडे थोडे इकडंतिकडं होतील, पण चाल हीच.

आता पायरी पायरीनं आधीच का उतरवतात, ४.४५ ची मर्यादा यायच्या आधीच? याचं कारण बॅटरीच्या दुसऱ्या बाजूला, निगेटिव्हला आहे, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण बॅटरीचं आयुष्य इथं ठरतं. निगेटिव्ह बाजूला ग्राफाईट असतं, त्याचे थर एकावर एक असतात, आणि चार्जिंग म्हणजे लिथियमचे आयन येऊन त्या थरांच्या मधे शिरून बसणं. आपल्या सीबीएसवर गारगोटीची रिकामी एसटी लागली की दार उघडल्या उघडल्या माणसं भराभर चढतात आणि बसतात, पण शेवटच्या चार सीटा उरल्या की चढणाऱ्याला आत गर्दीतून वाट काढत मागं जाऊन सीट शोधावी लागते, आणि खालनं रेटा तेवढाच राहिला तर माणसं दारातच अडकतात. ग्राफाईटमध्ये अगदी असंच होतं. सुरुवातीला जागा मोकळी, आयन लगेच आत सरकतात. ८० टक्क्यांच्या पुढं पृष्ठभागाजवळच्या जागा भरलेल्या असतात, आयनला आत खोल सरकायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात मागनं करंटचा रेटा आला तर तो आयन थरात न शिरता ग्राफाईटच्या पृष्ठभागावरच धातू होऊन बसतो. लिथियमचा मुलामा चढतो म्हण.

हा मुलामा बॅटरीला दोन तऱ्हेनं मारतो. त्यातलं काही लिथियम परत विरघळून कामाला येतं, पण काही तिथंच मरून पडतं, तेवढी क्षमता कायमची गेली. आणि हा धातू सुईसारखा वाढत गेला तर मधला पातळ पडदा भोसकून आतल्या आत शॉर्ट करू शकतो, ती तर आगीची गोष्ट. भरलेल्या ग्राफाईटचं व्होल्टेज लिथियम धातूच्या तुलनेत फक्त ०.१ व्होल्टच्या आसपास वर असतं, म्हणजे धातू व्हायला फार अंतर उरलेलं नसतं, जोरात करंट ढकलला की ते ओलांडलंच. म्हणून फोन बनवणारे इंजिनियर कुठल्या टक्क्याला आणि कुठल्या तापमानाला किती करंट चालेल याचा तक्ता करून फोनमध्ये घालतात, आणि फोन त्याबरहुकूम चालतो. थंडीत ही अडचण फार वाढते, आयन आत सरकायलाच तयार नसतात, त्यामुळं शून्य अंशाच्या खाली फोन चार्जिंगच बंद करतात. आपल्या कोल्हापुरात ती वेळ येत नाही.

आपल्याकडं अडचण उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यात, जाड कव्हर घातलेला फोन, वर व्हिडिओ चालू, आणि चार्जिंगला लावलेला, मग बॅटरी ४० अंशाच्या वर जायला कितीसा वेळ लागतोय. तापमान चढलं की फोन करंट निम्म्यावर, पाव हिश्श्यावर आणतो, मग टक्के ३० असोत नाहीतर ७०. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम करणारी पोरं येतात, घरी फोन नीट चार्ज होतो आणि शिफ्टमध्ये होत नाही म्हणून. चार्जर तोच, केबल तीच. भट्टीच्या बाजूच्या सॉकेटवरून काढून ऑफिसात लाव म्हणतो, काम होतं. गाडीत डॅशबोर्डवर उन्हात ठेवून चार्ज करणाऱ्यांचं पण तेच.

आता बिघाड कसा ओळखायचा ते सांगतो, कारण ८० च्या पुढं रखडणं ठीक आहे म्हणून सगळंच रखडणं ठीक आहे असं नाही. फोन १५ टक्क्यांच्या खाली आला की कव्हर काढ, सावलीत ठेव, स्क्रीन बंद, आणि चार्जिंगला लावून घड्याळ बघ. २० ते ५० ला किती वेळ लागला तो आकडा चार्जर, केबल आणि पिनचा. ३० टक्के म्हणजे दीड अँपिअर-तास, ४.४ नं वीस-एकवीस मिनिटं लागायला पाहिजेत. पंचवीस झाली तरी चालेल. ४० च्या वर गेली तर गाडी ५ व्होल्टवर अडकलीय समज, फोन आणि चार्जरचं बोलणं जुळलेलं नाही.

तसं झालं तर पहिल्यांदा केबल बदल, चार्जर नाही. माझ्याकडं येणाऱ्या संथ चार्जिंगच्या तक्रारीत सगळ्यात जास्त केबलच निघते. स्वस्तातल्या केबलीत तांब्याच्या तारा इतक्या बारीक असतात की रेझिस्टन्स ०.३ ओहम सहज असतो. ५ व्होल्टवर ३ अँपिअर ओढायला गेलं तर ०.९ व्होल्ट केबलमध्येच पडले, फोनपाशी ४.१ पोचले, आणि ४.१ व्होल्टनं ४ व्होल्टची बॅटरी काय डोंबल भरणार? फोन मग करंट कमी करतो. दुसऱ्या केबली अशा असतात की त्यात ती बोलायची बारकी वायर सैल झालेली असते, चार्जर आणि फोनचं बोलणं मधेच तुटतं आणि परत पहिल्यापासून सुरू होतं; दोन्ही टोकं टाइप-सी असलेल्या केबलीत ती वायर पूर्ण तुटली तर वीजच येत नाही. केबल हलवली की 'फास्ट चार्जिंग' हा शब्द स्क्रीनवर येतो-जातो, यावरून ओळखायची.

केबल चांगली असून पण तेच, तर फोनचं पोर्ट बघ. खिशातला कापूस, धूळ आत दाबून बसते आणि पिन पूर्ण आत जात नाही. पिन घातल्यावर जरा बाहेर राहिली असं वाटलं किंवा टक् करून बसली नाही तर तेच आहे. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं हळू काढायचं, लोखंडी सुई, टाचणी आत घालायची नाही, मधली पट्टी मोडली तर पोर्टच बदलावा लागतो.

बॅटरी गेली असेल तर लक्षण वेगळं येतं. वापरून वापरून आतला रेझिस्टन्स वाढतो. ०.०६ चा ०.१२ झाला असं धर. आता ४.४ अँपिअरला ०.५३ व्होल्ट जास्तीचे लागणार, म्हणजे पोटात ३.९२ झाले की टोकावर ४.४५ लागले. आणि ३.९२ म्हणजे साधारण ५५ टक्के. नव्या फोनला ८० ला जे रखडणं सुरू व्हायचं ते आता ५५ लाच सुरू होतं. वापरताना हेच उलटं होतं, करंट ओढला की टोकाचे व्होल्ट जास्तच पडतात, म्हणून जुना फोन कॅमेरा उघडल्यावर १५-२० टक्के असताना एकदम बंद पडतो. ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसली, चार्जिंगला ५५-६० ला रखडतोय आणि टक्के शिल्लक असताना बंद पडतोय, तर मग बॅटरी बदलायची, चार्जर घेऊन उपयोग नाही. तुला यातलं काहीच होत नाहीये.

१०० दाखवल्यावर पण मीटरवर करंट दिसतो, त्यानं घाबरू नको. टक्का हा फोननं मांडलेला अंदाज असतो, करंट ठरलेल्या बारीक आकड्यापर्यंत उतरेपर्यंत आयसी भरत राहतो आणि मग आपोआप तोडतो.

राहिला ६५ वॅटचा. तुझ्या फोनला त्याचा फारसा फायदा नाही. २५ वॅटचा फोन ६५ च्या चार्जरला पण तेवढेच मागणार. काही वॅटचा फरक पडू शकतो, कारण ६५ च्या चार्जरवर PPS मध्ये करंट २.२५ ऐवजी ३ लिहिलेला असतो बऱ्याचदा आणि फोनला परवानगी असली तर तो थोडा जास्त ओढतो, पण ८० च्या पुढचं रखडणं मिनिटानंही कमी होणार नाही, कारण तिथं अडवतंय ते बॅटरीचं पोट. आणि त्या चार्जरवर PPS लिहिलेलंच नसेल, फक्त एका कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचे वॅट असतील, तर तुझा फोन उलट आत्तापेक्षा हळू चार्ज होईल. मग ज्या फोनबरोबर ६५, ८० वॅट येतात त्यांचं काय? त्यातल्या पुष्कळांत एकाऐवजी दोन सेल एकापुढं एक जोडलेले असतात, त्यामुळं तेवढेच वॅट निम्म्या करंटमध्ये जातात, आणि सेलच्या आतली जोडणी पण रेझिस्टन्स कमी ठेवून केलेली असते. ती फोनच्या पोटातली रचना आहे, ती बाहेरचा चार्जर बदलून येत नाही. आणि ते फोन पण शेवटच्या टक्क्यांना रखडतातच.

लॅपटॉपला टाइप-सीनं चार्ज करायचा असेल तर ६५ चा खुशाल घे, एकानं दोन्ही होतील. घेताना लेबलवर 20V⎓3.25A ची ओळ आहे का बघ, गुणाकार ६५ येतो, आणि त्याच्याच खाली PPS ची ओळ शोध, ती नसली तर तुझ्या फोनसाठी घेऊ नको. बीआयएसचं चिन्ह आणि R- नं सुरू होणारा नंबर पण बघून घे. रस्त्यावर दीडशे रुपयाला '६५ वॅट' म्हणून मिळतो त्याच्यावर खाली आउटपुट वाचलास तर कित्येकदा 5V⎓2A एवढंच असतं, म्हणजे १० वॅट.

रोज घाईत असशील तर ८० ला काढून जा, शेवटच्या २० साठी थांबू नको. तो अर्धा तास रात्री दे. आणि २० ते ५० चा टाइम एकदा लावून इथं टाक. ४० च्या वर आला तर ये दुकानात, येताना चार्जर आणि केबल दोन्ही घेऊन ये, नुसता फोन आणलास तर मला अर्धंच बघता येईल.